लाल पट्टीची साक्ष

केळीची बाग कापणीला आली की रावेर-यावल भागातल्या शेतकऱ्याचा मोबाईल गप्प बसत नाही. व्यापाऱ्याचा माणूस फोन करतो, कापणीच्या टोळीचा मुकादम करतो, वजनकाट्यावरून कुणीतरी करतो. माल दिल्ली-पंजाबकडे जाणार असेल तर ट्रकचा ड्रायव्हरही शेताची वाट विचारायला फोन करतो. यातले कितीतरी नंबर फोनमध्ये सेव्ह नसतात, काही तर थेट परराज्यातले असतात. त्याच आठवड्यात कर्ज हवंय का विचारणारे आणि केवायसी संपली म्हणून घाबरवणारेही फोन करतातच. अशा वेळी ट्रूकॉलरसारखं ॲप, किंवा आता सिमकंपनीची स्वतःची यंत्रणा, पडद्यावर एक नाव दाखवते, कधी लाल पट्टी दाखवते. घंटी वाजते तेवढ्या वेळात शेतकऱ्याला ठरवायचं असतं, फोन उचलायचा की वाजू द्यायचा.

पट्टी कधीकधी चुकते हे आता सगळ्यांना ठाऊक आहे, आणि कुठलीही यंत्रणा थोडीफार चुकणारच. माझी तक्रार वेगळी आहे. या पट्टीत तीन निरनिराळ्या प्रकारची माहिती एकत्र कालवलेली असते: लोकांनी त्या नंबराला दिलेलं नाव, लोकांनी त्याच्याविरुद्ध केलेल्या तक्रारी आणि त्या नंबराच्या वागणुकीवरून काढलेला अंदाज. तिन्हींचा भरवसा वेगळा, तिन्हींचं वय वेगळं. पण समोर येताना ती एकाच ठाम सुरात येतात. पट्टी साक्ष देते ती नंबराच्या भूतकाळाची, आणि आपण ती वाचतो आत्ता पलीकडे बोलणाऱ्या माणसाची ओळख म्हणून. बहुतेक घोटाळे या एका गैरसमजातून निघतात.

मुळात फोन येतो तेव्हा नेटवर्ककडून आपल्यापर्यंत पोचतो तो फक्त नंबर. नाव त्याच्यासोबत येत नाही, निदान आजवर येत नव्हतं. अँड्रॉइड फोनवर ॲप तो नंबर घेतं, त्याला +९१ लावून एका ठरावीक साच्यात बसवतं आणि आपल्या सर्व्हरला विचारतं की हा कोण. सर्व्हर नाव, तक्रारींचा अंदाज आणि नंबराचा प्रकार परत पाठवतो. हे सगळं घंटी वाजत असताना व्हायला हवं. शेतात नेट मंद असेल तर नाव येईपर्यंत घंटी थांबलेली असते. म्हणून जास्त बदनाम नंबरांची एक यादी ॲप फोनमध्येच साठवून ठेवतं, पण ती यादी शेवटची कधी ताजी झाली यावर तिची किंमत ठरते. आयफोनची तऱ्हा आणखी निराळी. ॲपलनं बराच काळ घंटी वाजताना नंबर ॲपच्या हाती दिलाच नाही. ॲपनं आधीच यादी देऊन ठेवायची आणि फोननं त्यात शोधायचं, अशी पद्धत होती. थेट सर्व्हरला विचारण्याची सोय आयफोनवर आली ती अगदी अलीकडे, आयओएस १८ पासून. त्यामुळे एकाच नंबराला घरातल्या दोन फोनांवर दोन वेगळी नावं दिसली तर नवल वाटायला नको.

आता नाव. ट्रूकॉलर ही २००९ साली स्टॉकहोममध्ये सुरू झालेली स्वीडिश कंपनी आहे, आणि तिची सगळ्यात मोठी बाजारपेठ भारत. तिच्याकडे भारतातल्या सिमधारकांची सरकारी यादी नाही. नावं येतात ती बहुतांशी लोकांकडून. कुणी ॲपमध्ये स्वतःचं नाव भरतं. कुणी दुसऱ्याच्या नंबराला नाव सुचवतं. काहींनी आपली संपर्कयादी जोडायला परवानगी दिलेली असते. यातलं काय, कुठल्या आवृत्तीत आणि कोणत्या काळात चालत होतं यात फरक पडत गेला आहे. प्ले स्टोअरचे नियम कडक झाल्यावर तिथल्या ॲपला फोनबुक उचलण्यावर मर्यादा आल्या. पण आधी गोळा झालेलं नाव आपोआप म्हातारं होऊन गळून पडत नाही. एका नंबराला पाच जणांनी पाच नावं दिली असतील तर त्यातून एक निवडावं लागतं, आणि निवडलं जातं ते साधारणपणे जास्त लोकांनी वापरलेलं, एकमेकांशी जुळणारं नाव.

इथे खानदेशाची स्वतःची एक गंमत आहे. जळगाव-धुळ्याकडे पाटील, चौधरी, महाजन, सोनवणे ही आडनावं इतकी पसरलेली आहेत की आडनावावरून माणूस सापडत नाही. म्हणून फोनबुकात लोक आडनाव लिहीतच नाहीत. आबा रावेर, नाना खतवाले, पिंटू ट्रॅक्टर, पाटील सर क्लास, ताई आशा वर्कर, अशा नोंदी असतात. त्या लिहिणाऱ्याच्या सोयीसाठी आहेत. त्यात माणसाचं त्या दिवशीचं काम आहे, गाव आहे, लिहिणाऱ्याशी असलेलं नातं आहे. ट्रॅक्टर विकून पिंटूनं किराणा दुकान टाकलं तरी जुन्या पन्नास फोनांत तो ट्रॅक्टरच राहतो आणि ॲपवरही. कुणाच्या तरी खासगी फोनबुकातली चिठ्ठी सगळ्या देशाला दिसणारी पाटी होते. ज्यानं ती लिहिली त्याला याचा पत्ता नसतो, आणि ज्याच्यावर लिहिली त्याला तर कुणी विचारलेलंच नसतं. काही नोंदी बोचऱ्याही असतात. उधारी थकवली म्हणून रागानं लिहिलेलं नाव दोन-चार जणांच्या फोनात सारखंच असलं, तर तेही वर यायला फार वेळ लागत नाही.

तरीही या नावांना मी कमी लेखणार नाही. गावातला माणूस ज्या नावानं ओळखला जातो तेच नाव पडद्यावर आलं तर फोन ओळखता येतो. अडचण येते ती नंबर हातातून हातात जातो तेव्हा, आणि आपल्याकडे तो फार जातो. एका नंबराची समजा अशी कहाणी घेऊ. हा नंबर मी रचलेला आहे, पण त्यातली प्रत्येक पायरी रोज कुठे ना कुठे घडते.

यावल तालुक्यातल्या एका बापानं २०१६ साली स्वतःच्या कागदपत्रांवर सिम घेतलं आणि जळगावला शिकायला गेलेल्या मुलाला दिलं. मुलाच्या मित्रांनी त्याला ‘मयूर हॉस्टेल’ म्हणून सेव्ह केलं. शिक्षण संपल्यावर त्यानं गावात मोबाईल दुरुस्तीचं दुकान काढलं, तेव्हा गिऱ्हाइकांच्या फोनात तो ‘मयूर मोबाईल’ झाला. दुकान चाललं नाही. मग तो विमा विकायला लागला. रोज सत्तर-ऐंशी अनोळखी लोकांना फोन, बहुतेक जण अर्ध्या मिनिटात ठेवून देणारे, काही जण चिडून स्पॅमचं बटण दाबणारे. सहा महिन्यांत पट्टी लाल झाली आणि नाव ‘मयूर पॉलिसी’वर येऊन थांबलं. पुढे जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी रिचार्जचे दर वाढवले. त्यानंतर ज्यांच्याकडे दोन सिम होती त्यांतल्या बऱ्याच जणांनी एकावर पाणी सोडलं. मयूरनंही हे सिम रिचार्ज केलं नाही आणि नंबर बंद झाला.

बंद झालेला नंबर कायमचा मरत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोरच्या एका प्रकरणात ट्रायनं सांगितलं होतं, की बंद केलेला नंबर किमान ९० दिवस नव्या ग्राहकाला देता येत नाही. म्हणजे त्या मुदतीनंतर देता येतो. आपल्या कहाणीत तो धुळ्यातल्या एका परिचारिकेला मिळाला. सिम नवऱ्याच्या नावावर आहे. रुग्णालयातून घरी गेलेल्या रुग्णांना ती पुढच्या तपासणीची आठवण करायला फोन करते. रुग्णाच्या मुलाला दिसतं ते ‘मयूर पॉलिसी’, वर लाल पट्टी. तो उचलत नाही. पुन्हा फोन आला की ब्लॉक करतो.

या पट्टीत खोटं काय होतं? मयूर होता, पॉलिसी विकत होता, लोक वैतागले होते, हे सगळं खरं. फक्त तो मागच्या माणसाचा हिशेब होता आणि वसुली पुढच्या माणसाकडून झाली. नंबर दुसऱ्याकडे गेल्याची खबर ॲपला आपोआप मिळत नाही. बंद केलेल्या नंबरांची एक यादी सरकारी पातळीवर तयार होते, आणि जानेवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना ती वापरून आपल्या नोंदी साफ करायला सांगितलं. कारण स्पष्ट आहे: जुन्या ग्राहकाचे ओटीपी नव्याच्या फोनवर जाऊ नयेत. हीच यादी नावाच्या पाट्या पुसायलाही उपयोगी पडेल. नंबर त्या यादीत आला की त्याचं जुनं नाव आणि जुन्या तक्रारी कोऱ्या व्हाव्यात, असा नियम ॲपवाल्यांना घालणं फार अवघड नाही. पैशांसाठी आपण ही काळजी घेतली. अब्रूसाठी अजून तशी घाई दिसत नाही.

नावाखाली येणाऱ्या राज्याच्या आणि कंपनीच्या उल्लेखाबद्दल थोडंच सांगायला हवं, पण खानदेशात ते सांगणं भाग आहे. हा उल्लेख नंबराच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून काढलेला असतो. तो नंबर पहिल्यांदा कुठल्या दूरसंचार विभागात आणि कुठल्या कंपनीनं दिला, एवढंच त्यातून कळतं. फोन करणारा आत्ता कुठे उभा आहे याच्याशी त्याचा काही संबंध नाही. जुलै २०१५ पासून नंबर न बदलता देशात कुठेही कंपनी बदलता येते, तेव्हापासून तर त्यातलं कंपनीचं नावही बेभरवशाचं झालं. सुरतेत लिंबायत-उधन्याकडे खानदेशातली कितीतरी कुटुंबं राहतात. तिथून परत आलेल्या भाच्याचा नंबर आयुष्यभर ‘गुजरात’ दाखवणार. उलट रावेरच्या शेतकऱ्याला ‘पंजाब’ दिसलं म्हणून दचकायचं कारण नाही, कारण तो बहुधा ट्रकवालाच असतो. पुण्याच्या सोसायटीत पंजाबचा अनोळखी नंबर संशयाचा, सावद्याच्या केळीवाल्याला तो रोजीरोटीचा.

हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरतो, कारण लाल पट्टीचं गणित त्यावरच उभं आहे.

लाल पट्टी येते दोन वाटांनी. एक वाट तक्रारींची: लोकांनी बटण दाबलं, संख्या वाढली, रंग बदलला. दुसरी वागणुकीची: दिवसात किती फोन, किती वेगवेगळ्या लोकांना, किती उचलले गेले, बोलणं किती सेकंद चाललं, कुठल्या वेळी. सप्टेंबर २०२४ मध्ये एअरटेलनं आपल्या नेटवर्कवर अशाच खुणांवरून ‘सस्पेक्टेड स्पॅम’ दाखवायला सुरुवात केली. तिथे बोलणं ऐकलं जात नाही, फक्त फोन कसे होतात ते बघितलं जातं. आता त्या खुणा केळीच्या मुकादमाला लावून बघा. संध्याकाळी व्यापाऱ्याकडून उद्याच्या गाड्या ठरतात. मग तो तासाभरात तीस शेतकऱ्यांना फोन लावतो. निम्मे उचलत नाहीत, कारण ते पाणी भरताहेत. उरलेल्यांशी बोलणं एवढंच: ‘उद्या सकाळी सहाला टोळी येते, तयार राहा.’ वीस सेकंद. त्यातल्या अनेकांकडे त्याचा नंबर सेव्ह नाही. यंत्राच्या नजरेनं हा कर्ज विकणारा आहे. कुरिअरवाला, आशाताई, शाळेच्या प्रवेशासाठी पालकांना फोन करणारे शिक्षक, पतसंस्थेचा वसुली कारकून, सगळ्यांची वागणूक अशीच दिसते. आपल्याकडची मिस कॉल देण्याची जुनी सवय तर आणखी घात करते. एक घंटी देऊन ठेवून देणं ही ओळखीच्यांमधली खूण असते, पण एक घंटी देऊन महागड्या परदेशी नंबरावर परत फोन करायला लावणारी फसवणूकही अगदी तशीच दिसते.

आता हिशेब मांडू. समजा एखादी यंत्रणा चांगली आहे: खऱ्या स्पॅमपैकी ९० टक्के पकडते, आणि भल्या फोनांपैकी फक्त ५ टक्क्यांना चुकून लाल करते. आकडे मी समजण्यासाठी घेतले आहेत, कुठल्या कंपनीचे नाहीत. पुण्यातल्या एका नोकरदाराला महिन्यात १०० अनोळखी फोन येतात, त्यातले ६० स्पॅम. यंत्रणा ५४ पकडेल, आणि ४० भल्या फोनांपैकी २ चुकून लाल करेल. एकूण ५६ लाल पट्ट्या, त्यात चुकीच्या २. त्यानं लाल दिसताच फोन वाजू दिला तर तो शहाणाच आहे. आता कापणीच्या महिन्यातला शेतकरी घ्या. त्यालाही १०० अनोळखी फोन, पण स्पॅम १०, उरलेले ९० कामाचे. यंत्रणा ९ पकडेल आणि ९० पैकी साधारण साडेचार चुकून लाल करेल. म्हणजे त्याला दिसणाऱ्या दर तीन लाल पट्ट्यांतली एक चुकीची. यंत्रणा तीच, तिची अचूकता तीच, पण एकाला ती जवळजवळ बरोबर आणि दुसऱ्याला तिसऱ्या वेळी दगा देणारी. आणि त्या तिसऱ्या वेळी टोळी दुसऱ्याच्या शेतावर निघून जाते. कापणीला आलेली केळी फार थांबत नाही.

ॲपच्या जाहिरातीत पकडलेल्या स्पॅमचे आकडे असतात. चुकून लाल झालेल्या भल्या फोनांचा आकडा कुणी सांगत नाही, आणि तो मोजणंही कठीण आहे, कारण न उचललेल्या फोनमध्ये काय होतं हे कुणालाच कळत नाही. शिवाय हा दोष स्वतःला खतपाणी घालतो. पट्टी लाल झाली की लोक उचलत नाहीत. न उचललेले फोन वाढले की यंत्रणेला तीच खूण आणखी ठळक दिसते. मग पट्टी आणखी लाल. मुकादम वैतागून पुन्हा पुन्हा लावतो, तर तेही त्याच्याच विरुद्ध जातं. एकदा या भोवऱ्यात सापडलेला प्रामाणिक माणूस शेवटी नवा नंबर घेतो.

आणि नेमकं हेच ठग आधीपासून करत आला आहे. तक्रारी साचायला वेळ लागतो, पण ठगाचा नंबर दोन-चार दिवसांचाच असतो. पहिल्या काही लोकांना तो स्वच्छ दिसतो, आणि त्याला तेवढेच लोक पुरतात. सरकारी तक्रारव्यवस्थेलाही ही अडचण आहेच. १९०९ वर किंवा ट्रायच्या डीएनडी ॲपवर नोंदवलेल्या तक्रारींवरून नंबरावर कारवाई होते, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रायनं तिची अट सैल केली. आधी ७ दिवसांत १० तक्रारी लागत, आता १० दिवसांत ५ पुरतात. सुधारणा चांगली, तरी पाच जणांनी आधी फोन घेतलेला असणं भागच आहे. म्हणून पट्टी लाल नाही याचा अर्थ फोन सुरक्षित आहे असा काढणं, ही लाल पट्टीवर आंधळा विश्वास ठेवण्यापेक्षाही महागात पडणारी चूक आहे. शिवाय नाव स्वतः भरता येतं. पोलीस निरीक्षक, बँकेचा व्यवस्थापक, अमुक बनाना कंपनी, काय वाटेल ते. माल उचलून पैसे बुडवणारे व्यापारी खानदेशाला नवे नाहीत. नव्या व्यापाऱ्याचं ॲपवरचं कंपनीचं नाव पाहून ट्रक भरून देणारा शेतकरी, त्या माणसानं स्वतःच लिहिलेल्या पाटीवर विश्वास ठेवतो आहे.

यावर उतारा म्हणून सरकारी मार्ग पुढे आला आहे. ट्रायनं २३ फेब्रुवारी २०२४ रोजी शिफारस केली, की फोनसोबत कंपनीच्या नोंदीतलं ग्राहकाचं नाव दाखवावं. याला सीएनएपी म्हणतात. सिम घेताना भरलेल्या अर्जातलं नाव दिसणार, ते सगळ्यांसाठी आपोआप सुरू असणार आणि नको असेल त्यानं तसं कळवायचं. २०२५ च्या अखेरीपासून कंपन्या टप्प्याटप्प्यानं ते सुरू करू लागल्या आहेत. जुन्या टूजी नेटवर्कवर आणि साध्या बटणांच्या फोनवर ते चालवणं अवघड आहे, म्हणजे गावातल्या म्हाताऱ्यांना त्याचा फायदा शेवटी होणार.

सीएनएपीचं मी स्वागत करतो, पण त्याच्याकडून नको ती अपेक्षा ठेवू नये. ते नाव खरं असेल, पण कशाबद्दल खरं? कागद कुणाचा, याबद्दल. एका माणसाच्या नावावर देशाच्या बहुतेक भागांत नऊ सिम चालतात. आपल्या घरांमध्ये सिम बापाच्या, नवऱ्याच्या किंवा थोरल्या भावाच्या नावावर असतात. धुळ्याची परिचारिका फोन करेल तेव्हा तिच्या नवऱ्याचं नाव दिसेल. कॉलेजातली मुलगी मैत्रिणीला फोन करेल तेव्हा तिच्या वडिलांचं. शेतमजुराच्या हातातलं सिम कदाचित मुकादमानंच काढून दिलेलं असेल. शिवाय आधारवरचं पूर्ण नाव गावात कुणी वापरत नाही. अख्खा वाडा ज्यांना आबा म्हणून ओळखतो त्यांचं कागदावरचं नाव शेजाऱ्यालाही आठवत नाही. पडद्यावर ‘पाटील’ आणि पुढे दोन अनोळखी नावं आली, तर उचलणारा शेवटी जुनाच प्रश्न विचारणार: ‘कोन बोलस भाऊ?’

म्हणूनच लोकांनी दिलेलं नाव आणि कागदावरचं नाव यात खरं कुठलं, हा वाद मला निरर्थक वाटतो. पहिलं ओळखायला उपयोगी, दुसरं जबाबदार धरायला. फसवणूक झाली तर पोलिसांना कागदाचा माग लागतो, आबा रावेर या नावाचा लागत नाही. पण हा आबांचा फोन आहे का, हे कागद सांगू शकत नाही. दोन्ही नावं दिसू लागली की ती एकमेकांशी जुळणार नाहीत, आणि न जुळणं हे बहुतेक वेळा फसवणुकीचं नाही, आपल्या कुटुंबाच्या रचनेचं लक्षण असेल. ते कळलं नाही तर सरकारी नाव आल्यानंतर भल्या माणसांवरचा संशय कमी होण्याऐवजी वाढेल, आणि तो जास्त करून बायकांवर वाढेल. बाईचा आवाज आणि पुरुषाचं नाव हा मेळ त्यांच्याच वाट्याला येतो.

मग वाचायचं कसं? नावात गाव, धंदा किंवा नातं असेल तर ते कुणाच्या तरी फोनबुकातलं आहे. ते बहुधा प्रामाणिक असतं, पण शिळं असू शकतं. नाव फार अधिकृत वाटत असेल तर ते स्वतः भरलेलं असण्याची शक्यता जास्त. लाल पट्टीवर तक्रारींचा आकडा दिसत असेल तर तो बघावा. पाच जणांनी वैतागून दाबलेलं बटण आणि पाच हजारांनी दाबलेलं, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बँकेच्या बाबतीत एक आधार आता मिळाला आहे. जाहिरातीच्या फोनांसाठी १४० नं सुरू होणारे नंबर आणि सेवेच्या फोनांसाठी १६०० ची मालिका वेगळी काढली आहे, आणि व्यापारी बँकांनी १ जानेवारी २०२६ पर्यंत १६०० च्या मालिकेवर यावं असं ट्रायनं सांगितलं. साध्या दहा आकडी नंबरावरून बँक म्हणून फोन आला की पडद्यावर काहीही नाव असो, ठेवून द्यावा आणि पासबुकावरच्या नंबरावर स्वतः लावावा. उचलायचा की नाही एवढ्यापुरतं पट्टीचं ऐकायला हरकत नाही. पैसे, ओटीपी किंवा भरलेला ट्रक देताना मात्र तिला विचारूच नये.

ज्याच्यावर चुकीची पट्टी बसली त्याला काय करता येतं? ट्रूकॉलरवर नाव दुरुस्त करता येतं. आधी खातं बंद करून मग त्यांच्या संकेतस्थळावर नंबर यादीतून काढायची विनंतीही करता येते. पण नंबर काढला म्हणजे लोकांच्या मनातली किंवा सिमकंपनीच्या यंत्रणेतली नोंद गेली असं नाही. एअरटेलची पट्टी एअरटेलकडेच मांडावी लागते, ट्रूकॉलरची ट्रूकॉलरकडे. म्हणजे एकाच नंबराची अब्रू तीन-चार ठिकाणी वेगवेगळी साठवलेली, आणि प्रत्येक ठिकाणचा दरवाजा निराळा. ते दरवाजे ठोठावायला स्मार्टफोन, ई-मेल आणि थोडं इंग्रजी लागतं. मुकादमाकडे यातलं काय काय असेल? फोन ज्यांना लावायचा आहे त्यांना आधी एक मराठी मेसेज पाठवणं, ‘अमुक व्यापाऱ्याकडून बोलतो, उद्याच्या कापणीसाठी फोन करतो आहे’, हाच त्याच्या हातातला सगळ्यात स्वस्त उपाय आहे. शेतकऱ्यांनी नंबर सेव्ह केला की त्याच्या बाजूनं एक खूण वाढते, आणि निदान त्या तीस फोनांवर तरी लाल पट्टीऐवजी त्यांनी स्वतः लिहिलेलं नाव दिसतं.

तक्रार करणाऱ्याचीही जबाबदारी आहे, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. स्पॅमचं बटण आपण रागानं दाबतो. उधारी मागणाऱ्याला, फी मागणाऱ्या शाळेला, निवडणुकीच्या वेळी कार्यकर्त्याला. नकोसा फोन आणि फसवणुकीचा फोन यांत फरक आहे, पण बऱ्याचदा बटण एकच असतं. त्या बटणासोबत कारण विचारलं, आणि पट्टीवर ‘विक्रीचा फोन’, ‘वसुलीचा फोन’, ‘फसवणुकीची तक्रार’ असं वेगळं वेगळं दाखवलं, शेजारी शेवटची तक्रार किती महिन्यांपूर्वीची ते लिहिलं, तर निम्मा अन्याय तिथेच थांबेल. काही ॲप प्रकाराची थोडीफार विभागणी करतात. तारीख मात्र ठळकपणे कुणी दाखवत नाही, आणि मयूरच्या नंबरासाठी तारीखच सगळ्यात जास्त बोलली असती: शेवटची तक्रार २०२४ ची, नंबर चालू झाला २०२५ मध्ये. एवढं दिसलं असतं तर धुळ्याच्या रुग्णाच्या मुलानं फोन उचलला असता.